दुकानदाराला एका पानाचं पत्र : विद्यार्थी लघुपटासाठी बेळगावच्या बाजारपेठेत मदत मागताना

गणपत गल्लीतला किंवा शहापूरच्या खडेबाजारातला दुकानदार वर्षभर पावतीपुस्तकं बघत असतो. गणेशोत्सव मंडळ, शिवजयंतीचा चित्ररथ, गावची यात्रा, देवळाचा जीर्णोद्धार, कबड्डीच्या स्पर्धा. कॉलेजची चार पोरं हातात कागद घेऊन पायरी चढली की त्याचा हात सवयीनं गल्ल्याकडे जातो आणि त्यातून वर्गणीच्या मापाची नोट बाहेर येते, शंभराची, फार तर पाचशेची. तुमच्या लघुपटाचं पत्र त्याच ढिगात जमा झालं, तर पन्नास दुकानं फिरूनसुद्धा कॅमेऱ्याचं भाडं सुटत नाही.

म्हणून पत्राचं पहिलं काम वर्गणीच्या रांगेतून बाहेर पडणं हे आहे, आणि त्याला माझ्या मते एकच खात्रीचा मार्ग आहे. ‘यथाशक्ती मदत करावी’ असं न लिहिता प्रत्येक दुकानाकडे त्याला पेलेल असा एक ठरावीक खर्च मागायचा. एका दिवसाचा कॅमेरा, तीन दिवसांचा किराणा, दोन लुगडी उसनी. आकडा तुम्ही ठरवून नेलात की दुकानदाराला ‘किती द्यायचे’ याचा विचार करावा लागत नाही. द्यायचे की नाही, एवढंच त्याला ठरवायचं असतं.

आधी खर्चाचा कागद

पत्र लिहायच्या आधी खर्च मांडून घ्या. इथे मी एक नमुना घेतो. दहा विद्यार्थ्यांचा गट, पंधरा मिनिटांचा लघुपट, तीन दिवसांचं चित्रीकरण. कलाकार धरून रोजची माणसं पंधरा. गोष्ट वडगावातल्या विणकराच्या घरातली आहे. मुलगा हातमाग विकायला निघालाय आणि मागावरचं शेवटचं लुगडं उतरल्याशिवाय माग हलवू देणार नाही म्हणून आई अडून बसलीय. नाव धरू ‘उभा धागा’.

कॅमेरा आणि दोन लेन्स, रोजचं भाडं ३,००० रुपये, तीन दिवसांचे ९,०००. आवाजाचं सामान, म्हणजे रेकॉर्डर, बूम आणि कॉलरचे माइक, रोज १,५०० प्रमाणे ४,५००. दिवे आणि स्टँड रोज १,२०० प्रमाणे ३,६००. जेवण, नाश्ता आणि चहा माणशी रोज २०० धरून ९,०००. सामान हलवायला टेम्पो आणि रिक्षा ४,०००. कपडे आणि घरातल्या वस्तू ३,५००. संकलनानंतर आवाजाचं मिक्सिंग ५,०००. दोन हार्ड डिस्क ९,०००, कारण चित्रीकरण एकाच डिस्कवर ठेवणं म्हणजे संकटाला आवतण. आणि अडीअडचणीला ४,०००. एकूण ५१,६०० रुपये.

हे दर नमुन्याचे आहेत. तुमच्या कागदावर भाडेवाल्याकडून लेखी आणलेले दर हवेत. दुकानदार रोज भावताव करणारा माणूस असतो. गोल आकडा दिसला की तो अंदाजाचा आहे हे त्याला लगेच कळतं, आणि ‘कॅमेरा तीन हजारला कुठं मिळाला?’ असं त्यानं विचारलं तर खिशातून दरपत्रक निघालं पाहिजे.

आता या ५१,६०० मधून तुमचा स्वतःचा वाटा आधी वजा करा. दहा जणांनी प्रत्येकी १,३०० घातले तर १३,००० होतात, आणि त्यात हार्ड डिस्क आणि अडीअडचणीची रक्कम बरोबर बसते. हे दोन खर्च मुद्दाम स्वतःकडे ठेवायचे. हार्ड डिस्क काम संपल्यावरही तुमच्याकडेच राहणार, ती दुसऱ्याच्या पैशातून घेतली तर प्रश्न येतो. आणि ‘किरकोळ खर्च’ या नावाखाली कुणाकडेही पैसे मागणं वाईट दिसतं.

उरले ३८,६००. त्यातलं जेवण, वाहतूक आणि कपडे मिळून १६,५०० वस्तूंच्या किंवा सेवेच्या रूपात मागता येतात. कॅमेरा, आवाज, दिवे आणि मिक्सिंग मिळून २२,१०० मात्र पैशातच लागतात. त्याचे तुकडे पाडा. कॅमेऱ्याचे तीन दिवस, आवाजाचे तीन, दिव्यांचे तीन आणि मिक्सिंगचे २,५०० चे दोन भाग. म्हणजे रोख मदत करणारी अकरा दुकानं मिळाली की काम झालं. पन्नास दुकानांची आशा धरून वणवण फिरण्यापेक्षा पंचवीस दुकानं नीट निवडून त्यातली अकरा मिळवणं सोपं पडतं.

कुणाकडे काय मागायचं

वस्तू देणं दुकानदाराला पैसे देण्यापेक्षा हलकं वाटतं. किराणावाल्याला माल त्याच्या खरेदीच्या भावात पडतो, तुमचा खर्च मात्र विक्रीच्या भावात वाचतो. त्यामुळे रविवार पेठेतल्या ठोक व्यापाऱ्याकडे जाताना पैशाऐवजी यादी न्या. पंधरा माणसांच्या तीन दुपारच्या जेवणांना सहा किलो तांदूळ, सव्वादोन किलो तूरडाळ, दोन लिटर तेल. दिवसाला माणशी चार कप धरले तर तीन दिवसांचे १८० कप चहा होतात, त्याला अर्धा किलो चहापूड आणि दोन किलो साखर. यादी इतकी नेमकी असली की समोरच्याला पोरं खरंच काम करायला निघालीत हे कळतं, आणि तो बऱ्याचदा गुमास्त्याला हाक मारून तिथल्या तिथे माल काढायला सांगतो. पण त्यासाठी स्वयंपाक कोण करणार हे आधी ठरलेलं हवं. कुणाच्या घरी चूल पेटणार नसेल तर किराणा घेऊन काय करायचं? मग खानावळीकडे एका दिवसाचं जेवण मागा.

बेकरीकडे नाश्त्याचे पाव, खारी आणि टोस्ट. झेरॉक्स आणि डीटीपीवाल्याकडे पटकथेच्या प्रती आणि निमंत्रणपत्रिका. मंडप आणि लाऊडस्पीकरवाल्याकडे लांब वायर, जाड गाद्या, पंधरा खुर्च्या. ही वायर फार उपयोगी पडते, आणि ती मागायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. इलेक्ट्रिकल दुकानाकडे दिव्यांचं एक दिवसाचं भाडं. मोबाइल आणि फोटो स्टुडिओवाल्याकडे कॅमेऱ्याचा एक दिवस. कापड दुकानाकडे लुगडी उसनी, आणि गोष्ट विणकराची असल्यामुळे शहापूर-वडगावातल्या साडीच्या पेढ्यांकडे कॅमेऱ्याचा एक दिवससुद्धा. आपल्या धंद्याची गोष्ट पडद्यावर येणार आहे म्हटल्यावर तिथे पत्र वाचलं जातं.

उसनी आणलेली वस्तू आणि दिलेली वस्तू पत्रात वेगळी लिहा. लुगडी उसनी असतील तर कोणत्या तारखेला परत, ड्रायक्लीन करून की तशीच, डाग पडला तर किंमत कोण भरणार, हे तीन प्रश्न दुकानदार तोंडानं विचारत नाही पण मनात धरतो. उत्तर पत्रातच असावं. लुगडं घेताना त्याच्यासमोर फोटो काढून घ्या.

काही ठिकाणी मात्र जाऊच नये. गट निपाणीचा असेल तर पहिला विचार तंबाखूच्या पेढीचाच येतो, कारण पैसा तिथे आहे. पण २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार तंबाखूच्या किंवा विडीच्या ब्रँडची जाहिरात करायला आणि त्याच्या मोबदल्यात प्रायोजकत्व घ्यायला बंदी आहे. विडीचं नाव श्रेयनामावलीत टाकलं तर घोळ तुमच्याही गळ्यात आणि कॉलेजच्याही. दारूच्या दुकानाबाबतही तेच धोरण ठेवा, कॉलेजच्या लेटरहेडवर ते शोभतही नाही. दुसरी जागा म्हणजे निवडणूक जवळ आली की स्वतःहून ‘किती लागतात सांगा’ म्हणणारे नेते. त्यांचे पैसे पत्राने येत नाहीत आणि श्रेयनामावलीत एका ओळीवर भागतही नाहीत.

पत्र

पत्र एका पानाचं. मागची बाजू कानडी मजकुरासाठी, त्याबद्दल पुढे. खाली साडीच्या दुकानाला लिहिलेला नमुना देतो, मग त्यातल्या ओळींचं कारण सांगतो.

(कॉलेजचे लेटरहेड)
जावक क्र. ____ दिनांक ____

मा. श्री. ____ यांस,
(दुकानाचे नाव), खडेबाजार, शहापूर, बेळगाव.

विषय : विद्यार्थी लघुपटाच्या एका दिवसाच्या कॅमेरा भाड्यासाठी ३,००० रुपयांच्या प्रायोजकत्वाची विनंती.

स. न. वि. वि.

आम्ही ____ महाविद्यालयातील पदवीच्या अंतिम वर्षाचे दहा विद्यार्थी ‘उभा धागा’ हा सुमारे पंधरा मिनिटांचा लघुपट करीत आहोत. घरातला हातमाग विकायला निघालेला मुलगा आणि मागावरचे लुगडे पूर्ण झाल्याशिवाय माग हलवू न देणारी आई, अशी ही वडगावातील एका घराची गोष्ट आहे. चित्रीकरण २३, २४ व २५ जानेवारी रोजी वडगाव व शहापूर येथे होईल.

लघुपटाचा एकूण खर्च ५१,६०० रुपये आहे. त्यापैकी १३,००० रुपये आम्ही विद्यार्थ्यांनी स्वतः जमा केले आहेत. जेवण, वाहतूक व कपडे यांसाठी आम्ही वस्तुरूपाने मदत मागत आहोत. कॅमेऱ्याचे भाडे दिवसाला ३,००० रुपये असून तीन दिवसांसाठी आम्ही तीन दुकानांना विनंती करीत आहोत. त्यापैकी एका दिवसाचे भाडे आपण द्यावे, ही विनंती.

लघुपटाच्या शेवटी सर्व प्रायोजकांच्या बरोबरीने, त्याच आकाराच्या अक्षरांत आपल्या दुकानाचे नाव व पत्ता दिला जाईल. महाविद्यालयाच्या सभागृहातील पहिल्या खेळाची दोन निमंत्रणे आपल्याला घरपोच मिळतील. लघुपट स्पर्धेत निवडला जाईल किंवा किती लोक पाहतील, याची खात्री आम्ही देऊ शकत नाही.

रक्कम महाविद्यालयाच्या खालील खात्यावर चेकने अथवा यूपीआयने द्यावी. पावती लगेच दिली जाईल. चित्रीकरण संपल्यापासून तीस दिवसांत संपूर्ण खर्चाचा लेखी हिशेब आपल्याला पोहोचवू. काही कारणाने चित्रीकरण झाले नाही, तर रक्कम २८ फेब्रुवारीपर्यंत परत केली जाईल.

आम्ही येत्या गुरुवारी दुपारी आपल्या उत्तरासाठी दुकानात येऊ.

आपले,
(दोन विद्यार्थ्यांची नावे, वर्ग, मोबाइल क्रमांक)

(विभागप्रमुखांची सही, नाव व शिक्का)
सोबत : खर्चाचा तपशील, विद्यार्थ्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती.

विषयाच्या ओळीतच आकडा आहे, हे पाहिलंत का? दुकानदार काउंटरवर उभा राहून, एका डोळ्यानं गिऱ्हाईक सांभाळत वाचतो. त्याने फक्त ही एक ओळ वाचली तरी कोण, कशासाठी आणि किती, हे कळायला हवं. ‘समाजप्रबोधनाच्या उदात्त हेतूने’ अशा ओळींनी सुरुवात केली की डोळा खाली घसरतो आणि आकडा शोधू लागतो. सापडला नाही की पत्र घडी होऊन गल्ल्याखाली जातं.

गोष्ट एकाच वाक्यात आणि तीही ठिकाणासकट सांगितलीय. वडगाव म्हटलं की शहापूरच्या साडीवाल्याला ते घर डोळ्यांसमोर येतं. पत्र दुसऱ्या दुकानाला जाईल तेव्हा विषय, मागणीचा परिच्छेद आणि परतीची अट एवढंच बदलायचं. ‘आपण सदैव कलेला प्रोत्साहन देता’ असलं काही खरं नसेल तर लिहू नये. शहराचं वारं त्यालाही माहीत आहे, मुलं वीस दुकानांत हेच वाक्य वाटत हिंडतायत हे तो ओळखतो.

तीन दुकानांना कॅमेरा मागतोय हे उघड लिहिलंय, ते मुद्दाम. बाजारात दोन व्यापारी संध्याकाळी एकाच कट्ट्यावर चहा पितात. ‘मलाही कॅमेराच सांगितला’ असं एकानं म्हटलं की दोघांनाही फसवल्यासारखं वाटतं. आधीच सांगितलं तर तेच वाक्य तुमच्या बाजूनं काम करतं, कारण शेजारच्यानं एक दिवस दिला असेल तर दुसरा दिवस घ्यायला याला हरकत नसते.

सगळ्यांची अक्षरं सारखी, हा माझा ठाम आग्रह आहे. ‘गोल्ड’, ‘सिल्व्हर’ अशी पॅकेजं छापायचा मोह होतो, पण पाच हजारवाल्याचं नाव मोठं आणि बाराशेवाल्याचं बारीक झालं की बाराशेवाला आपली किंमत केली असं समजतो. लहान बाजारपेठेत हे वर्षभर ऐकावं लागतं.

खात्री देता येत नाही ते खात्री देता येत नाही असं लिहिल्यानं कुणी पैसे मागे घेत नाही, उलट पत्राचं वजन वाढतं. ‘थिएटरमध्ये लावू’ हे मात्र चुकूनही लिहू नका. सार्वजनिक प्रदर्शनासाठी सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, त्याचा खर्च आणि वेळ तुमच्या अंदाजपत्रकात नाही. यूट्यूबवर टाकणार असाल तर प्रायोजक असल्याची ‘पेड प्रमोशन’ची खूण तिथे करावी लागते, कारण दुसऱ्याच्या पैशातून बनलेला व्हिडिओ त्या नियमात येतो. आणि पाठवायच्या प्रत्येक स्पर्धेचे नियम आधी वाचा. श्रेयनामावलीतल्या नावाला सहसा अडचण येत नाही, पण गोष्टीच्या मध्येच दुकानाची पाटी झळकवण्याचा सौदा केलात तर दिग्दर्शक म्हणून तुमचेही हात बांधले जातात.

मागच्या पानावर कानडी

दुकानाचा मालक मराठी असला तरी हिशेब बघणारा कानडी वाचणारा असू शकतो, आणि अनेक पेढ्यांच्या घरात गुजराती किंवा मारवाडी बोललं जातं. म्हणून एकच कागद, पुढे मराठी आणि मागे कानडी, आणि दुकान पाहून कोणती बाजू वर ठेवायची ते ठरवायचं. कानडी मजकूर कानडी घरातल्या वर्गमित्राकडून लिहून घ्या. मराठी ओळींवर कानडी शब्द बसवलेलं पत्र पहिल्या ओळीत कळतं, आणि नमस्कारापासून निरोपापर्यंत त्यांची पत्राची रीत वेगळी आहे.

सीमाप्रश्न पत्रात कुठेही नको, ना बाजूनं ना विरुद्ध. तुमची मतं काहीही असोत, दुकानात दोन्ही भाषांचं गिऱ्हाईक येतं आणि उद्या पडद्यावर त्याचं नाव येणार आहे, हे त्याच्या बाजूनं बघा. मराठी मजकुरात बेळगाव आणि कानडी मजकुरात बेळगावी, एवढ्यावर कुणाची हरकत नसते.

छपाईची एक अडचण ठरलेली. मोबाइलवर टाइप केलेला मजकूर डीटीपीवाल्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला की जोडाक्षरं फुटतात, मराठीतलीही आणि कानडीतलीही. फाइल पीडीएफ करूनच न्या आणि एक प्रत काढून दोन्ही भाषांच्या वाचणाऱ्यांना दाखवा. ‘प्रायोजक’ शब्द फुटलेलं पत्र घेऊन प्रायोजक मागणं बरं दिसत नाही.

पैसे, पावती आणि ‘एटी-जी आहे का?’

हा प्रश्न येतोच, विशेषतः मोठ्या पेढीवर. देणगीवर आयकरात सवलत मिळते ती नोंदणी असलेल्या संस्थेच्या पावतीवर. तुमच्या दहा जणांच्या गटाला ती देता येत नाही. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेकडे अशी नोंदणी असेल आणि ती स्वतःच्या नावाने पैसे घेऊन पावती द्यायला तयार असेल तरच ‘आहे’ म्हणा. नसेल तर सरळ ‘नाही’ म्हणा आणि पुढे सांगा की पावतीवर ‘लघुपटाच्या श्रेयनामावलीतील नावापोटी प्रायोजकत्व’ असं लिहून देतो. तो खर्च जाहिरातीत धरायचा की कसा, हे त्यांचे सीए ठरवतील. त्यांच्यासाठी ‘देणगी’ आणि ‘प्रायोजकत्व’ यांत फरक असतो, म्हणून पावतीवरचा शब्द नीट निवडा.

धंद्याचा खर्च म्हणून एका दिवसात एकाच व्यक्तीला दहा हजारांच्या वर रोख दिले तर ती रक्कम आयकरात खर्च म्हणून धरली जात नाही. आपली कोणतीच मागणी तेवढी नाही, तरी चेक किंवा यूपीआयच बरं, कारण मग तुमचा हिशेब बँकेच्या पासबुकाशी ताडून दाखवता येतो. पाच हजारांच्या वरच्या रकमेच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून सही करायची असते. जीएसटीचं बिल मागितलं आणि पावती देणाऱ्याची जीएसटी नोंदणी नसेल, तर जीएसटी आकारत नाही आणि तसं बिलही देता येत नाही, असं सांगा. कुणाच्या ओळखीच्या फर्मचं बिल आणून जोडण्याची कल्पना गटात कुणी ना कुणी काढतंच. ती तिथेच मोडा.

खातं शक्यतो कॉलेजचं. ते जमलं नाही तर दोघांच्या सहीशिवाय पैसे न निघणारं संयुक्त खातं उघडा, आणि पत्रातली ओळ त्याप्रमाणे बदला. एकाच मुलाच्या वैयक्तिक क्यूआर कोडवर पैसे मागितले की दुकानदाराचा चेहरा बदलतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. पावतीपुस्तक क्रमांक छापलेलं आणि कार्बनचं असावं. वस्तू मिळाली तरी पावती द्या, ‘तांदूळ ६ किलो, तूरडाळ २.२५ किलो’ अशी.

कधी जायचं, कुणी जायचं

गणेशचतुर्थीच्या आधीचा महिना सोडून द्या, तेव्हा मंडळांची पावतीपुस्तकं फिरत असतात. दसरा-दिवाळीत दुकानात उभं राहायला जागा नसते. १ नोव्हेंबरला, म्हणजे राज्योत्सव आणि काळा दिन एकाच दिवशी असताना, पत्र घेऊन बाजारात फिरण्यात अर्थ नाही. मार्चमध्ये वर्षअखेर. जून ते सप्टेंबर पावसात बाहेरचं चित्रीकरण तसंही होत नाही. राहता राहिला तुळशीच्या लग्नानंतरचा काळ. पण तेव्हा लग्नसराई सुरू होते, त्यामुळे साडी आणि सोन्याच्या दुकानांत दुपारीच जा, आणि किराणा, बेकरी, इलेक्ट्रिकलवाल्यांकडून सुरुवात करा. नमुन्यातलं चित्रीकरण जानेवारीअखेर ठेवलंय ते याच हिशेबानं.

सकाळी भवानी व्हायच्या आत कधीही पैसे मागायला चढू नका. साडेअकरा-बारानंतर किंवा दुपारी चारच्या सुमारास जा, संध्याकाळी सहानंतर नको. दोघांनीच जायचं, त्यात एक कानडी नीट बोलणारा असावा. कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात. पत्र मालकाच्या हातात द्या, गुमास्त्याकडे ठेवून येऊ नका. शहापुरातल्या जुन्या पेढीवर ‘सावकार’, दुसरीकडे ‘शेठ’ किंवा ‘काका’, जे त्या दुकानात ऐकू येतं ते. कागद हातात देऊन एवढंच म्हणा, ‘काका, वर्गणी नाही, एका दिवसाच्या कॅमेऱ्याचं भाडं मागायला आलोय.’ पुढचं त्यांना वाचू द्या. व्हॉट्सअॅपवर पीडीएफ भेटीनंतर पाठवा, आधी नको. आधी पाठवलेलं पत्र न वाचताच नाकारणं फार सोपं असतं.

‘बघू की, चार दिवसांनी या’ हे आपल्याकडे अर्ध्याहून अधिक वेळा नकारच असतं, पण सभ्य नकार. पत्रात गुरुवार लिहिलाय, गुरुवारी जा. तेव्हाही ‘बघू की’च निघालं तर नमस्कार करून नाव यादीतून काढा, तिसऱ्यांदा जाऊ नका. ‘गणपतीला दिलं की आत्ताच’ असं म्हणाले तर पैशाचा आग्रह सोडून वस्तू मागा, खुर्च्या किंवा वायर. आणि पत्रातल्या ३,००० ऐवजी कुणी ५०० पुढे केले तर? घ्या, पावती द्या, पण कॅमेऱ्याचा दिवस त्यांच्या नावे लावू नका. ते ५०० जेवणाच्या खर्चात जमा करा आणि तसं त्यांना तिथेच सांगा.

होकार मिळाल्यावर श्रेयनामावलीत नाव कसं हवं ते त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावरून उतरवून घ्या आणि त्याच कागदावर सही घ्या. ‘अँड सन्स’ की ‘ब्रदर्स’, मधला ‘श्री’ आहे की नाही, यावरून प्रदर्शनाच्या दिवशी रुसवे होतात. बोधचिन्ह द्यायचं असेल तर पाटी करणाऱ्याकडे मूळ कोरल ड्रॉ फाइल असते, ती मागून घ्या. पाटीचा मोबाइलवर काढलेला फोटो पडद्यावर धूसर दिसतो.

हिशेबाचा कागद

चित्रीकरण संपल्यावर तीस दिवसांत प्रत्येक दुकानात एक पान पोहोचवायचं. डावीकडे कुणी काय दिलं, उजवीकडे कशावर किती गेलं. नमुन्यातल्या गटाचे समजा टेम्पोचे ४,००० धरलेले होते आणि प्रत्यक्षात ३,२०० च लागले, पण दिवसाच्या शेवटी दिवे दोन तास जास्त ठेवल्यामुळे ६०० जादा गेले. हे दोन्ही आकडे तसेच लिहायचे. अंदाजपत्रकाशी रुपयाला रुपया जुळणारा हिशेब बघून व्यापारी खूश होत नाही, त्याला संशय येतो. बिलांच्या प्रती गटाकडे ठेवा आणि ‘बिले पाहायला उपलब्ध’ अशी ओळ खाली टाका.

पैसे उरले तर ते कुठे जातील हे गटानं पत्र वाटायच्या आधीच ठरवून विभागप्रमुखांना लेखी द्यावं. शक्य असेल तर रोख दिलेल्यांना त्या-त्या प्रमाणात परत. रक्कम अगदीच लहान असेल तर कॉलेजच्या पुढच्या वर्षीच्या गटासाठी, पण तसं हिशेबाच्या कागदावर लिहून. उसनी लुगडी हिशेब द्यायच्या दिवसापर्यंत थांबवू नका. चित्रीकरण संपल्याच्या दुसऱ्या दिवशी ड्रायक्लीनला टाका, आणि परत देताना घेतानाच्या पावतीवर ‘मिळाली’ म्हणून दुकानदाराची सही घ्या.